सवारी आणि गणपती : नगरच्या दोन चांद्र सणांचे दिवस कसे मोजायचे

आजचा विषय तसा घरगुती आहे. "अजून किती दिवस राहिले?" हा प्रश्न लहानपणी आपण सगळ्यांनीच विचारलाय. दिवाळीला किती दिवस, गणपतीला किती दिवस, जत्रेला किती दिवस. एक जानेवारीला किंवा पंधरा ऑगस्टला किती दिवस, हे कुणी फारसं विचारत नाही, कारण ते भिंतीवर लिहिलेलंच असतं. जो सण दरवर्षी जागा बदलतो, त्याचेच दिवस मोजावे लागतात.

नगरमध्ये, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, असे दोन सण शेजारी शेजारी नांदतात. एक गणपती. माळीवाड्याचा विशाल गणपती हे शहराचं ग्रामदैवत. दुसरा मोहरम. मोठे इमाम आणि छोटे इमाम यांच्या सवाऱ्या, आणि 'कत्तल की रात'ची मिरवणूक. सवारीला नवस बोलणारे, खांदा देणारे हिंदूही असतात, हे नगरकरांना मी सांगायला नको. या मोहरमचा इतिहास निजामशाहीपर्यंत जातो. अहमद निजामशहानं हे शहर वसवलं. त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा यानं शाह ताहिर या विद्वानाच्या प्रभावानं १५३०च्या दशकात शिया पंथ स्वीकारला. बारा इमामांच्या नावाचा कोठला त्याच काळातला.

आता २०१९ साल आठवा. २ सप्टेंबरला गणपती बसले. १० सप्टेंबरला मोहरमची दहावी तारीख होती, आणि १२ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. म्हणजे गणपती मांडवात असतानाच सवाऱ्या निघाल्या. २०१८ साली तसंच झालं, २०२० साली तसंच. तिन्ही वर्षी दहावी तारीख अनंत चतुर्दशीच्या बरोबर दोन दिवस आधी आली. २०२० साली कोरोनाच्या निर्बंधांमुळे मिरवणुका नव्हत्या, पण तिथी आणि तारखा जुळल्या होत्याच. याआधीची अशी तीन वर्षं म्हणजे १९८५, १९८६ आणि १९८७. साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, ते सांगतील की "बत्तीस-तेहतीस वर्षांनी हे एकत्र येतात." प्रश्न असा, की बत्तीस-तेहतीसच का? तीनच वर्षं का? आणि पुढच्या वेळी कधी? आज आपण हे मोजायला शिकू. वाटेत इतिहासाचा एक कागदही वाचू, कारण हीच मोजणी चुकली की इतिहासाची तारीख चुकते.

सुरुवात चंद्रापासून करू. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात. इथपर्यंत गणपती आणि मोहरम एकाच चंद्रावर, एकाच हिशेबानं चालतात. दोन्ही दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येतात. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला होते, २०२५ साली २७ ऑगस्टला. मोहरमची दहावी २०२४ साली १७ जुलैला होती, २०२५ साली ६ जुलैला. दोन्हीकडे अकरा दिवसांचाच फरक.

फरक पडतो तो तूट साचल्यावर. आपलं पंचांग ती तूट साचू देतं, आणि ती एका महिन्याएवढी झाली की मध्ये एक जादा महिना घालतं. तोच अधिक मास, आपला धोंड्याचा महिना, ज्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालतात. तो सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो. त्यामुळे गणपती अकरा-अकरा दिवस मागे जातात आणि मग एकदम एकोणीस-वीस दिवस पुढे उडी मारतात. २०२२ साली ते ३१ ऑगस्टला होते, २०२३ साली थेट १९ सप्टेंबरला. पावसाळ्याचा शेवट सोडून ते कुठे जात नाहीत. हिजरी वर्षात असा जादा महिना नाही. इस्लामपूर्व अरबांमध्ये महिना पुढे ढकलण्याची पद्धत होती, तिला 'नसी' म्हणत, आणि कुराणानं तिला मनाई केली. म्हणून मोहरम कधीच पुढे उडी घेत नाही. तो मागे सरकत सरकत उन्हाळा, हिवाळा, पावसाळा, सगळीकडून फिरून येतो.

हे दिवसांच्या मोजणीत कसं दिसतं, ते एका उदाहरणानं पाहू. आपल्याकडे पुष्कळ लोक आषाढी एकादशीपासून गणपतीचे दिवस मोजतात. निवृत्तिनाथांची पालखी नगरहून पुढे गेली, आषाढी झाली, की मूर्तिकारांची गडबड सुरू होते. २०२२ साली आषाढी १० जुलैला होती आणि गणपती ३१ ऑगस्टला. मोजा, बावन्न दिवस. २०२४ साली १७ जुलै ते ७ सप्टेंबर, बावन्न दिवस. २०२५ साली ६ जुलै ते २७ ऑगस्ट, पुन्हा बावन्न. आता मधलं २०२३ घ्या. २९ जून ते १९ सप्टेंबर. ब्याऐंशी दिवस! कारण त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक श्रावण मध्ये बसला होता. ज्यानं बावन्न धरून रंगकाम उरकलं, त्याच्या मूर्ती महिनाभर शेडमध्ये पडून राहिल्या असत्या. म्हणजे सवयीनं मोजायचं असेल तर आधी एकच गोष्ट बघायची, की आषाढी आणि चतुर्थी यांच्या मध्ये धोंड्याचा महिना आहे का. तो आषाढीच्या आधी किंवा गणपतीनंतर पडला असेल, तर या मोजणीला धक्का लागत नाही. २०२६ साली तो ज्येष्ठात आहे, त्यामुळे आषाढी ते गणपती अंतर नेहमीसारखंच राहतं. उलट ज्यांनी अक्षय्य तृतीयेपासून मोजलं, त्यांचा मात्र महिना वाढतो.

आता दोन्ही सण शेजारी ठेवा. गणपतीला अधिक मासाचा धक्का मिळतो, मोहरमला मिळत नाही. याचा अर्थ असा, की दोन अधिक मासांच्या दरम्यान दोघं हातात हात घालून मागे सरकतात, एकमेकांपासूनचं अंतर न बदलता. आणि अधिक मास आला, की गणपती पुढे जातात आणि मोहरम एक मराठी महिना मागे राहतो. हे एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा : प्रत्येक अधिक मासाला मोहरम एक मराठी महिना मागे पडतो.

ताडून बघू. २०१७ साली मोहरम आश्विनात होता. मे-जून २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, मोहरम भाद्रपदात आला आणि गणपतीला भेटला. २०१९ आणि २०२० साली अधिक मास मध्ये आला नाही, भेट टिकली. सप्टेंबर २०२० मध्ये गणपती झाल्यावर अधिक आश्विन आला, आणि २०२१ साली मोहरम श्रावणात गेला. गणपती १० सप्टेंबरला, मोहरमची दहावी २० ऑगस्टला. भेट संपली. तीनच वर्षं का, याचं उत्तर हेच. ती एका अधिक मासानं सुरू होते आणि पुढच्या अधिक मासानं मोडते. पुढे २०२३ साली मोहरम चक्क अधिक श्रावणातच पडला. त्यानंतर तो आषाढात आला, आणि २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी मोहरमची दहावी आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. ज्यांना तो योगायोग वाटला, त्यांना आता कळेल की तो याच घड्याळाचा एक टोला होता. २०२६च्या अधिक ज्येष्ठानंतर मोहरम ज्येष्ठात जातो आणि ती जोडी फुटते.

आता "बत्तीस-तेहतीस वर्षं" पाहा. मराठी महिने बारा. म्हणजे मोहरमला पूर्ण फेरी मारून पुन्हा भाद्रपदात यायला बारा अधिक मास लागणार. १९८५-८७ ची भेट १९८८ च्या अधिक ज्येष्ठानं मोडली. तिथून मोजा : १९८८, १९९१, १९९३, १९९६, १९९९, २००१, २००४, २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८. बरोबर बारा, आणि बाराव्याला भेट. बारा गुणिले साडेबत्तीस महिने म्हणजे ३९० महिने, साडेबत्तीस वर्षं. म्हणून कधी बत्तीस म्हणतात, कधी तेहतीस. पुढची फेरी अशीच मोजली तर २०२० पासूनचा बारावा अधिक मास २०५० साली येतो. म्हणजे नगरला सवारी आणि गणपती पुन्हा एकत्र दिसतील ते २०५० ते २०५२ या वर्षांत. २०१९ साली बापाच्या खांद्यावर बसून दोन्ही मिरवणुका पाहिलेलं पोर तेव्हा पस्तीस-छत्तीस वर्षांचं असेल.

मधली वर्षं रिकामी नसतात, बरं का. मोहरम भाद्रपदातून गेला की त्याच्यामागचा हिजरी महिना भाद्रपदात येतो. २०२३ पासून रबिलावल भाद्रपदात होता. म्हणून २०२३ साली ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, आणि महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजानं जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. बंदोबस्ताचा, रस्त्यांचा प्रश्न अशा वर्षी उभा राहतो. पण कोणत्या वर्षी राहणार, हे अधिक मासांची यादी हाताशी असेल तर पंचवीस वर्षं आधी सांगता येतं.

आता जरा मागे जाऊ. निजामशाहीतल्या एखाद्या कारकुनाच्या जागी स्वतःला ठेवा. दरबाराचा धर्म हिजरी महिन्यांवर चालतो. पण सारा शेतातून येतो, आणि शेत पावसावर चालतं. हिजरी वर्षानं सारा घ्यायचा ठरवला, तर काय होईल? तेहतीस सौर वर्षांत चौतीस हिजरी वर्षं बसतात. शेतकऱ्यानं पिकं काढली तेहतीस आणि सारा मागितला चौतीस वर्षांचा. शिवाय वसुलीचा महिना सरकत सरकत ऐन पेरणीत येऊन बसणार. दख्खनच्या दफ्तरांत यावर जो तोडगा होता, त्याला सुहूर सन म्हणतात. कुणी अरबी साल म्हणतं, कुणी मृग साल. वर्षाचा आकडा हिजरीसारखा, त्याचं नाव अरबी शब्दांत, पण वर्ष सूर्याचं, आणि ते सुरू होतं सूर्य मृग नक्षत्रात शिरला की. आजच्या तारखेनं ७-८ जून. पेरणीचं वर्ष आणि हिशेबाचं वर्ष एक झालं. हा सन निजामशाहीत चालला, मलिक अंबरच्या कारभारात चालला, आणि पुढे मराठ्यांच्या कागदांत पेशवाईअखेरपर्यंत चालला.

यातली गंमत बघा. सुहूर आणि हिजरी यांचा आकडा १३४४ साली एकच होता, ७४५. हा सन तिथूनच सुरू झाला असं मानतात. त्यानंतर हिजरी जलद धावतो, सुहूर सूर्याच्या चालीनं चालतो, आणि दर साडेबत्तीस वर्षांनी दोघांत एका वर्षाचं अंतर वाढतं. पानिपतची लढाई घ्या, १४ जानेवारी १७६१. मराठी कागदांत ते वर्ष येतं 'इहिदे सितैन मया व अलफ'. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्याच दिवशी हिजरी सन चालू होता ११७४. फरक तेरा. १३४४ पासून ४१७ वर्षं झाली होती. तिला साडेबत्तीसनं भागा, पावणेतेराच्या आसपास येतं. म्हणजे नगरची सवारी आणि गणपती यांची भेट ज्या चक्रानं होते, तेच चक्र या दोन आकड्यांच्या फरकात साठलेलं आहे. सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो, आणि कागद जानेवारी ते मृगापर्यंतचा असेल तर ६००. ११६१ अधिक ६००, १७६१.

पण कारकुनानं एक अडचण ठेवली. वर्ष सूर्याचं घेतलं, तारीख मात्र चंद्राचीच ठेवली. मराठी कागदावर 'छ' असं अक्षर असतं आणि पुढे आकडा, म्हणजे चंद्र अमुक, आणि मग मोहरम, सफर, रबिलावल असा महिना. आता विचार करा. सुहूर वर्षात दिवस ३६५ आणि चांद्र तारखा ३५४. उरलेल्या अकरा दिवसांवर काय लिहिणार? त्याच तारखा पुन्हा. म्हणजे प्रत्येक सुहूर वर्षात सुमारे अकरा तारखा अशा असतात, ज्या वर्षाच्या सुरुवातीलाही येतात आणि शेवटीही. समजा एखाद्या वर्षी मृग लागला त्याच दिवशी मोहरमचा पहिला चंद्र होता. मग त्या सालचा 'छ ५ मोहरम' हा कागद त्या जूनचा, की पुढच्या वर्षी मृग लागायच्या तोंडावरचा? जवळजवळ एका वर्षाची चूक होऊ शकते. आणि ती मृगाच्या तोंडावर होते, म्हणजे ज्या दिवसांत मोहिमेवरून फौजा परततात आणि नवीन वर्षाचे हुकूम निघतात, नेमकं तेव्हाच.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. कागदावर वार लिहिला असेल तर तो बघा. ३५४ ला सातनं भागलं तर चार उरतात, ३५५ असेल तर पाच. म्हणजे तीच चांद्र तारीख दुसऱ्यांदा आली, की वार चार किंवा पाचनं पुढे गेलेला असतो. सोमवारची शुक्रवारी किंवा शनिवारी. वार जुळला तोच कागदाचा काळ. वार नसेल तर मजकूर बघायचा. पाऊस पडल्याची बातमी आहे की पाणवठे आटल्याची? म्हणून जुन्या लोकांनी जंत्र्या करून ठेवल्या, ज्यांत शक, तिथी, वार, सुहूर, हिजरी आणि इंग्रजी तारीख शेजारी शेजारी असते. जंत्री न उघडता सुहूर कागदाची तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शेवटी पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ, अजून किती दिवस? चक्र आपल्याला वर्ष आणि महिना देतं. शेवटचा एक दिवस मात्र ते देत नाही. बकरी ईद जिल्हेजच्या दहाव्या चंद्राला असते, मोहरमची दहावी त्याच्या पुढच्या महिन्यात. मध्ये जिल्हेज एकोणतीसचा निघाला तर एकोणतीस दिवस, तीसचा निघाला तर तीस. २०२५ साली ७ जून ते ६ जुलै, एकोणतीस दिवस झाले. २०२४ साली १७ जून ते १७ जुलै, तीस झाले. कोणता होणार हे एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर दिसते का यावर ठरतं. पावसाळ्यात नगरचं आभाळ भरलेलं असलं तर बाहेरगावची साक्ष येते, आणि तीही नसेल तर तीस पूर्ण करतात. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून दहावी तारीख मंगळवारी असली, तर दहावीची रात्र, म्हणजे कत्तल की रात, सोमवारची असते. बाहेरगावाहून येणारा पाहुणा इथेच हमखास चुकतो आणि मिरवणूक संपल्यावर पोचतो.

गणपतीचा दिवस आधी छापता येतो, कारण तिथी आकाशात बघून ठरत नाही, गणितानं ठरते. पण तिथेही नियम लागतो. चतुर्थी ज्या दिवशी मध्यान्हाला असेल तो दिवस. २०२४ साली चतुर्थी ६ सप्टेंबरला दुपारी तीनच्या सुमारास लागली, म्हणजे त्या दिवशीचं मध्यान्ह टळून गेलं होतं. म्हणून गणपती बसले ७ तारखेला.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी विचारलं की सवारी आणि गणपती पुन्हा कधी एकत्र, तर "होतं कधी कधी" असं म्हणू नका. बोटांवर धोंड्याचे महिने मोजा. २०२०, २०२३ आणि २०२६ धरून तीन झाले की पुढचे नऊ उरतात. आता कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.